काम झाल्यावरही "काम करा" म्हणणारे मेसेज: पहिल्या आठवड्याची मालिका दुरुस्त करताना

नव्या युजरला पहिल्या सात दिवसांत जाणारी मेसेजची मालिका बिघडली, अशी तक्रार घेऊन ॲपवाले येतात तेव्हा प्रत्येकाचं गाऱ्हाणं वेगळं असतं. आत बघितलं की बिघाड बहुतेक वेळा तोच. मालिका घड्याळावर चाललेली असते, आणि माणसाने दरम्यान काय केलं हे विचारायला ती कुठेच थांबत नाही. तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करून तपासणीचा एक क्रम ठरून गेला आहे, तो इथे देतो. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी आहेत. डेव्हलपरला हात घालायला लावणाऱ्या गोष्टी नंतर.

## लक्षणं

- युजरने काम केव्हाच केलेलं असतं आणि त्याला "तुम्ही अजून केलं नाही" असा मेसेज जातो. सपोर्टकडे याचे स्क्रीनशॉट येतात, सहसा चिडलेल्या एका ओळीसकट.
- नोटिफिकेशन बंद करणारे लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम वाढतात.
- फोन एक-दोन दिवस बंद होता, तो चालू करताच तीन-चार मेसेज एकत्र येऊन पडतात.
- मेसेज रात्री अडीचला पोचतो.
- ॲप काढून पुन्हा टाकलं की "स्वागत आहे" पहिल्यापासून सुरू.
- ईमेल उघडल्याचे आकडे झकास दिसतात, ॲपचा वापर मात्र जागचा हलत नाही.

यातली दोन लक्षणं जरी एकत्र दिसली तरी मेसेजचा मजकूर बदलत बसू नका. बहुतेक टीम पहिल्यांदा तेच करतात, कारण मजकूर बदलणं सोपं असतं. पण चुकीच्या वेळी गेलेला मेसेज कितीही गोड शब्दांत लिहिला तरी चुकीच्याच वेळी जातो.

## पहिली तपासणी: एकाच माणसाची वेळरेषा

डॅशबोर्ड बंद करा. परवा नोटिफिकेशन बंद केलेला एक युजर निवडा, आणि त्याने ॲप टाकल्यापासून काय केलं आणि तुम्ही त्याला काय पाठवलं, हे दोन्ही वेळेनुसार एकाखाली एक लिहून काढा. सरासरीत हा बिघाड दिसत नाही. एका माणसाच्या यादीत तो लगेच डोळ्यांत भरतो.

नमुन्यादाखल खर्च नोंदवायचं एक ॲप घेऊ. एका युजरची यादी अशी निघाली:

सोमवारी रात्री ९.४० ला ॲप टाकलं आणि उघडताक्षणी आलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीला "हो" म्हटलं. ९.४१ ला खातं उघडलं, ओटीपी आला. ९.४२ ला स्वागताचा ईमेल आणि स्वागताचंच पुश, दोन्ही. ९.४६ ला त्याने पहिला खर्च नोंदवला आणि दहापर्यंत आणखी तीन. म्हणजे ज्या कामासाठी ही सगळी मालिका आहे ते काम पहिल्या वीस मिनिटांत झालं.

मंगळवारी रात्री ९.३० ला ॲपमधली रोजची आठवण वाजली. ९.४० ला मालिकेचं पुश आलं: "तुम्ही अजून पहिला खर्च नोंदवला नाही!" बुधवारी सकाळी दहाला मार्केटिंगचं पुश, डार्क मोड आल्याचं. बुधवारी रात्री ९.३० ला पुन्हा आठवण, ९.४० ला "बजेट ठरवा." गुरुवारी सकाळी त्याने नोटिफिकेशन बोटाने दाबून धरलं आणि ते बंद केलं. शुक्रवारी बिलाच्या शेवटच्या तारखेची सूचना त्याला दिसलीच नाही, आणि खरं म्हणजे त्या सूचनेसाठीच त्याने ॲप घेतलं होतं.

पुढच्या जवळपास सगळ्या तपासण्या या एका यादीतूनच निघतात. अशा पाच-सहा याद्या काढा. त्याहून जास्त लागत नाहीत, तिसऱ्या यादीपासून तेच तेच दिसायला लागतं.

## दुसरी तपासणी: एकूण कोणकोण पाठवतंय?

वरच्या यादीत मालिकेचे मेसेज थोडेच आहेत. आठवण ॲपच्या कोडमधून येते, डार्क मोडची जाहिरात मार्केटिंगच्या टूलमधून, ओटीपी तिसरीकडून. पाठवणाऱ्या प्रत्येक टीमचा हिशेब आपापल्या जागी वाजवी असतो. युजरच्या फोनवर मात्र सगळ्यांचं नाव एकच, तुमच्या ॲपचं.

म्हणून एका कागदावर सगळे स्रोत लिहा आणि दोन गट करा. युजरने मागितलेले (ओटीपी, व्यवहाराच्या सूचना, त्याने स्वतः लावलेली आठवण) एकीकडे, आणि तुम्हाला वाटलं म्हणून जाणारे दुसरीकडे. पहिल्या गटाला मर्यादा लावायची नसते. दुसऱ्या गटातले सगळे मिळून दिवसाला एक, ही माझी पहिल्या आठवड्यापुरती मर्यादा आहे. "सगळे मिळून" यावरच वाद होतात, मार्केटिंगवाले कुरकुर करतात. सोपा तोडगा असा की पहिले सात दिवस नवा युजर सर्वसाधारण मोहिमांतून वगळायचा. बहुतेक टूलमध्ये "खातं सात दिवसांपेक्षा जुनं" अशी एक अट घालून हे भागतं, कोड लागत नाही.

स्वागताचा ईमेल आणि स्वागताचं पुश ही जोडीही इथेच मोडा. जो माणूस आत्ता ॲपच्या आत बसलेला आहे, त्याला बाहेरून हाक मारण्यात काही अर्थ नाही. स्वागत ॲपच्या रिकाम्या पडद्यावरच करायचं: "आज शेवटचे पैसे कशावर गेले? तेवढं एक लिहा."

## तिसरी तपासणी: थांबायची अट कधी बघितली जाते?

सगळ्या दुरुस्तीत सर्वांत जास्त फरक इथे पडतो, म्हणून जरा सविस्तर.

"पहिला खर्च नोंदवला नाही" हा मेसेज खोटा का गेला? टूलमध्ये अट होती: ज्याच्या नोंदी शून्य त्यालाच मालिकेत घ्या. पण ती अट मालिकेत शिरताना, सोमवारी ९.४१ ला तपासली गेली. तेव्हा नोंदी शून्यच होत्या. त्याच क्षणी सातही दिवसांचे मेसेज वेळेसकट रांगेत लागले, आणि मग त्यांच्याकडे कोणी पुन्हा वळून पाहिलं नाही.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे पाहायला कोड वाचायची गरज नाही. नवं टेस्ट खातं उघडा, अपेक्षित काम लगेच करून टाका आणि दुसऱ्या दिवशीची वाट पाहा. आठवण आली तर अट दारातच तपासली जाते आहे. टूलमध्ये प्रत्येक मेसेजच्या आधी वेगळी अट किंवा मालिकेतून "बाहेर पडण्याची" अट लावायची सोय असेल तर ती वापरा. मालिका तुमच्याच सर्व्हरवर असेल तर पाठवण्याच्या क्षणी एवढं विचारलं तरी पुरतं:

```sql
SELECT 1 FROM users u
WHERE u.id = :uid
  AND u.deleted_at IS NULL
  AND u.first_entry_at IS NULL
  AND NOT EXISTS (
    SELECT 1 FROM sent_messages s
    WHERE s.user_id = u.id
      AND s.sent_at > now() - interval '20 hours');
```

ओळ परत आली तर पाठवा, नाही आली तर सोडून द्या. दिवसाला एक म्हणताना इथे २४ ऐवजी २० तास का, असं हमखास विचारलं जातं. काल मेसेज संध्याकाळी ७ वाजून ४ मिनिटांनी सुटला आणि आजची फेरी सातला धावली, तर २४ तासांच्या अटीत चार मिनिटांवरून आजचा मेसेज अडतो. थोडी ढील ठेवली की ही अडचण येत नाही.

आता "थांबणं" म्हणजे काय, तेही नीट वेगळं करावं लागतं. माझ्या मते तीन प्रकार आहेत आणि तिन्हींना एकच नियम लावला की घोळ होतो.

एक, काम झालं. मग त्या कामाचे उरलेले सगळे मेसेज रद्द, आणि माणूस पुढच्या टप्प्यावर.

दोन, माणूस नाही म्हणाला: ईमेल बंद केले, नोटिफिकेशन बंद केलं, खातं काढलं, ॲपच काढलं. इथे तत्काळ थांबायचं. त्या मार्गाने नाही म्हणाला म्हणून दुसऱ्या मार्गाने गाठायचं, हा प्रकार करू नका. पुश बंद करताच ईमेल वाढवणाऱ्या मालिका मी पाहिल्या आहेत, त्यांचा शेवट स्पॅमच्या बटणावर होतो. ॲप काढल्याचं मात्र सरळ कळत नाही. पुढचं पुश पाठवायला गेल्यावर गुगलच्या पुश पोचवणाऱ्या एफसीएम सेवेकडून `UNREGISTERED` किंवा ॲपलच्या सेवेकडून `410` असं उत्तर येतं, तेही लगेच येईलच असं नाही. ते आलं की टोकन पुसा आणि त्या माणसाची पुशची मालिका बंद करा.

तीन, माणूस गप्प आहे. लागोपाठ दोन मेसेज गेले आणि मधल्या काळात त्याने ॲप एकदाही उघडलं नाही, तर तिसरा पाठवून काही साधत नाही. आठवड्याच्या शेवटी एक निरोपाचा ईमेल ठेवा, बास.

गप्प आहे की नाही हे ठरवताना ईमेल उघडल्याच्या आकड्यावर विसंबू नका. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे ईमेलमधली चित्रं मागच्या मागे आधीच उतरवून घेतली जातात, आणि न वाचलेला ईमेलही "उघडला" म्हणून मोजला जातो. लक्षणांमधलं शेवटचं कोडं यातूनच येतं. क्लिकही पूर्ण भरवशाचा नाही, कारण कंपन्यांच्या मेलमधल्या सुरक्षा यंत्रणा लिंक स्वतःच उघडून बघतात. ॲपमध्ये काय घडलं तेवढंच धरा.

आणि एक वेगळी अवस्था आहे, रोखून ठेवण्याची. सपोर्टकडे त्याची तक्रार उघडी आहे किंवा पैसे भरताना अडकला आहे, अशा माणसाला "आता बजेट ठरवा" सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. मालिका तेवढ्यापुरती थोपवा. तक्रार मिटल्यावर मात्र साठलेले मेसेज सोडायचे नाहीत. ज्यांची वेळ गेली ते गेले.

## चौथी तपासणी: दोन मेसेजमधलं अंतर कुठून मोजता?

दर २४ तासांनी एक, असं समान अंतर ठेवायची सवय फार पसरलेली आहे. कारण एवढंच की टूलमध्ये तसं भरणं सोपं जातं. त्यातून नोंदणीची वेळच मेसेजची वेळ होऊन बसते. रात्री साडेअकराला ॲप टाकलेल्याला आठवडाभर साडेअकरालाच मेसेज.

मी अंतर दोन गोष्टींपासून मोजतो: मागचा मेसेज, आणि ॲप शेवटचं उघडल्याची वेळ. यातलं जे नंतरचं असेल तिथून. सकाळी ज्याने ॲप उघडून पाहिलं त्याला संध्याकाळी आठवण करून द्यायचं कारण नाही. शिवाय अंतर वाढत जायला हवं. पहिला मेसेज दुसऱ्या दिवशी, मग दोन दिवसांनी, मग तीन दिवसांनी. सुरुवातीला आठवण ताजी असते तेव्हा छोटासा इशारा पुरतो. पुढे जो येत नाहीये तो विसरलाय म्हणून येत नसेल असं नाही, आणि रोज दार वाजवून त्याचं मन बदलत नाही.

वेळेचे दोन किरकोळ वाटणारे पण नेहमी भेटणारे प्रश्न इथेच उरकून घेऊ.

मेसेज मध्यरात्री जात असेल तर सर्व्हर यूटीसीवर आहे आणि युजरचा टाइमझोन कुणी साठवलेलाच नाही. फोनकडून टाइमझोनचं नाव घ्या. नुसता "अधिक इतके तास" एवढा फरक साठवू नका, कारण ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथे तो फरक वर्षातून दोनदा बदलतो. रात्री नऊ ते सकाळी नऊ शांतता ठेवा. शांततेत अडकलेले मेसेज सकाळी नऊला सरकवले तर त्यानंतर दिवसाला एक ही मर्यादा पुन्हा तपासा, नाहीतर नऊ वाजता दोन-दोन सुटतात.

फोन चालू करताच मेसेजचा ढीग पडत असेल तर त्याचं कारण मुदत. एफसीएमला मुदत सांगितली नाही तर न पोचलेला मेसेज ते चार आठवड्यांपर्यंत सांभाळून ठेवतं. मंगळवारची आठवण शुक्रवारी मिळण्यात कुणाचंच भलं नाही. पाठवताना एवढं जोडा:

```json
"android": {
  "ttl": "14400s",
  "collapse_key": "onboarding"
}
```

म्हणजे चार तासांत पोचला तर पोचला. तेवढ्यात दुसरा आलाच तर थांबलेल्यांपैकी शेवटचा तेवढा राहतो. ॲपलच्या बाजूला हेच काम `apns-expiration` आणि `apns-collapse-id` या हेडरनी होतं.

## पाचवी तपासणी: परवानगी आणि चॅनल

इथून पुढे ॲपची नवी आवृत्ती काढावी लागते, म्हणून ही तपासणी इतक्या खाली.

२०२२ मधल्या अँड्रॉइड १३ पासून नव्याने टाकलेल्या ॲपचं नोटिफिकेशन मुळात बंद असतं आणि `POST_NOTIFICATIONS` ही परवानगी मागावी लागते. युजरने दोनदा नकार दिला की सिस्टीम तो प्रश्न पुन्हा दाखवत नाही. आयफोनवर तर एकच संधी. म्हणून ॲप उघडल्या उघडल्या मागणं म्हणजे हातातलं एकुलतं एक पान पहिल्याच डावात टाकणं. पहिला खर्च नोंदवून झाल्यावर "उद्या संध्याकाळी आठवण करू का?" असं आपल्याच पडद्यावर विचारा आणि "हो" आलं तरच सिस्टीमचा प्रश्न दाखवा.

याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. परवानगी पहिल्या नोंदीनंतर मागितली, तर ज्यांनी नोंद केलीच नाही त्यांच्यातल्या बहुतेकांना पुश पाठवता येणारच नाही. हा तोटा मला मान्य आहे. त्यांच्यासाठी ईमेल वापरायचा. आयफोनवर आयओएस १२ पासून न विचारता शांतपणे, आवाज न करता नोटिफिकेशन सेंटरमध्ये मेसेज ठेवायची तात्पुरती परवानगी मिळते, तीही चालते. "पुश पोचण्याचं प्रमाण कमी झालं" म्हणून कोणी घाबरवायला आलं तर त्यांना हे समजावून सांगा.

आता शुक्रवारी न दिसलेली बिलाची सूचना. त्या ॲपमध्ये आठवण, मालिका, मार्केटिंग आणि बिल, सगळं एकाच चॅनलमधून, म्हणजे नोटिफिकेशनच्या एकाच प्रकारातून, जात होतं. अँड्रॉइड ८ पासून युजरला चॅनलनिहाय नोटिफिकेशन बंद करता येतं. चॅनल एकच असेल तर वैतागून त्याने जे बंद केलं त्यात कामाचंही गेलं. मालिकेला "सुरुवातीच्या सूचना" असं स्वतःचं चॅनल द्या, तेही कमी महत्त्वाचं. पहिल्यांदाच नीट विचार करून ठरवा, कारण चॅनल एकदा तयार झालं की त्याचं महत्त्व वाढवणं ॲपच्या हातात राहत नाही, ते युजरच्याच हातात जातं.

## नवी मालिका कशी दिसली

त्या खर्चाच्या ॲपमध्ये सात मेसेजची जुनी मालिका काढून टप्पे ठरवले. ज्याची एकही नोंद नाही तो पहिल्या टप्प्यात. ज्याने तीन वेगवेगळ्या दिवशी नोंद केली त्याची मालिका संपली, मग भले ती तिसऱ्याच दिवशी संपो. या दोघांच्या मधला तो दुसऱ्या टप्प्यात. तीन दिवसच का, तर एकाच बैठकीत चार खर्च टाकणं हा उत्साह झाला. वेगळ्या दिवशी परत येणं ही सवयीची सुरुवात.

पहिल्या टप्प्यात ईमेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला: "शेवटचा खर्च आठवतोय? फक्त रक्कम टाका, बाकीचं नंतर भरता येतं." चौथ्या दिवशी, तरीही नोंद नसेल तर, जुन्या शीटमधून खर्च आणायची सोय दाखवणारा. सातव्या दिवशी शेवटचा, आणि त्यात सरळ लिहिलेलं: "सुरुवात करण्याबद्दल यानंतर लिहिणार नाही." पहिल्या दोन्हींनंतर ॲप उघडलंच नाही, तर हा सातव्या दिवसाचा निरोप तेवढा जातो.

दुसऱ्या टप्प्यात पुश. नोंदीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत काहीच टाकलं नसेल तर एक. मग दोन दिवसांनी, तीच अट लावून, दुसरा. यापलीकडे काही नाही.

वरच्या युजरला या मालिकेत काय मिळालं असतं? सोमवारी रात्री चार खर्च टाकून त्याने पहिला टप्पा ओलांडला, त्यामुळे ईमेल एकही नाही. मंगळवारी सातपर्यंत नोंद नसती तर एक पुश. बुधवारी आणि गुरुवारी त्याने खर्च टाकले असते तर मालिका तिथेच संपली असती. बजेटची गोष्ट त्याला ॲपमध्येच, खर्चाच्या यादीखाली दिसली असती. आठवडाभरात जास्तीत जास्त दोन मेसेज.

सात दिवस भरले की जो जिथे असेल तिथे मालिका बंद, ही अट वेगळी लिहा. नाहीतर रोखून ठेवलेले लोक तिसऱ्या आठवड्यात "तुमचा दुसरा दिवस" वाचत बसतात.

## सहावी तपासणी: उशिरा येणारे इव्हेंट आणि दुहेरी माणसं

पाठवताना अट तपासूनही "मी नोंद केलीये" अशा तक्रारी थोड्या येतच राहिल्या, तर माहिती सर्व्हरवर उशिरा पोचते आहे. युजरने इंटरनेट नसताना खर्च टाकला, तो फोनमध्येच राहिला आणि सर्व्हरच्या लेखी नोंदी शून्य. यावर उत्तम उपाय म्हणजे नोंदीची आठवण सर्व्हरवरून न पाठवता फोनमध्येच वेळ लावून ठेवणं आणि नोंद होताच फोनमध्येच ती रद्द करणं. आयफोनवर त्यासाठी `removePendingNotificationRequests(withIdentifiers:)` आहे. इंटरनेट असो वा नसो, नोंद कुठे झाली हे फोनला पक्कं माहीत असतं.

तेवढं करायला सवड नसेल तर मजकूर असा लिहा की माहिती शिळी असली तरी खोटा पडणार नाही. "तुम्ही अजून नोंदवला नाही" हा आरोप आहे आणि चुकला की बोचतो. "शेवटचा खर्च आठवतोय?" हे नोंद केलेल्यालाही खटकत नाही. मजकुराकडे वळायची योग्य वेळ ही, सगळ्या अटी लावून झाल्यावरची.

तोच मेसेज दोनदा जात असेल तर आधी डेटाबेसमध्ये कडी घाला:

```sql
ALTER TABLE sent_messages
  ADD CONSTRAINT one_per_person
  UNIQUE (user_id, message_key);
```

पाठवण्याच्या आधी ओळ घाला. ओळ नाकारली गेली तर पाठवू नका. ओळ घातली आणि नेमकं पाठवणं फसलं, तर एक मेसेज चुकेल. तो चुकलेला परवडतो, दोनदा गेलेला परवडत नाही. मात्र `user_id` हा खात्याचा हवा. इन्स्टॉलेशनला मिळालेला आयडी वापरला असेल तर ॲप पुन्हा टाकताच माणूस नवा ठरतो आणि कडी असून नसल्यासारखी होते.

## सातवी तपासणी: मालिकेचा उपयोग होतोय का?

नव्या युजरपैकी काहींना ठरवून एकही मेसेज पाठवू नका आणि दुसऱ्या आठवड्यात दोन्ही गटांत किती जण खर्च नोंदवतायत ते बघा. ही वाटणी यादृच्छिक हवी, "ज्यांनी परवानगी दिली नाही तो गट" चालणार नाही. परवानगी देणारे मुळातच जास्त उत्सुक असतात.

आकडा लहान असेल तर घाई नको. आठवड्याला ४०० नवे युजर आणि दहा टक्के वगळले तर गटात ४० जण. एक माणूस इकडचा तिकडे झाला की अडीच टक्क्यांचा फरक. अशा ठिकाणी एक तर निम्मे-निम्मे वाटा किंवा काही आठवड्यांचे युजर एकत्र करून मगच निष्कर्ष काढा.

## कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

ईमेल स्पॅममध्ये जायला लागले असतील तर स्वतः खटपट थांबवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल दिवसाला ५,००० पेक्षा जास्त ईमेल पाठवणाऱ्यांकडून एका क्लिकमध्ये बंद करायची सोय मागतं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतं. गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये तुमचा आकडा दिसतो. तो त्या रेषेजवळ असेल तर मालिकेचे ईमेल आजच बंद ठेवा आणि ईमेल पोचवण्याचंच काम करणाऱ्या माणसाला बोलवा. नवं डोमेन घेऊन तिथून पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने दोन्ही डोमेन जातात.

एकाच माणसाची दोन-तीन खाती किंवा आयडी एकत्र करायचे असतील तर ते डेटा इंजिनियरचं काम आहे. एकत्र केलेले आयडी पुन्हा वेगळे करणं फार अवघड असतं, आणि चूक झाली तर एकाचा खर्च दुसऱ्याच्या ईमेलमध्ये जातो.

ॲप मुलांसाठी असेल, किंवा आरोग्याची वा पैशांची माहिती मेसेजच्या मजकुरात येत असेल, तर पाठवण्याआधी संमतीचा मजकूर वकिलाला दाखवा. लॉक झालेल्या पडद्यावरही नोटिफिकेशन दिसतं.

आणि वगळलेल्या गटात आणि मेसेज मिळालेल्या गटात पुरेशा युजरनंतरही फरक दिसला नाही, तर आठवा मेसेज लिहायला घेऊ नका. मालिका बंद करा आणि प्रॉडक्ट डिझायनरला नव्या युजरच्या शेजारी बसवून पहिली नोंद होईपर्यंतचा प्रत्येक पडदा बघायला सांगा. अडचण बहुधा तिथल्याच एखाद्या पडद्यावर असते.